उदबत्तीचा तिसरा हिस्सा

पद्मजाबाईंच्या पिशवीत छडी नसे, कात्री असे. शाळा अकराला भरायची, पण बाई साडेदहालाच येऊन चौथीच्या रिकाम्या वर्गात बसायच्या आणि गणितं लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या. एका पट्टीवर तीन गणितं, त्याहून जास्त नाहीत. शाळेचा शिपाई केरबा व्हरांडा झाडता झाडता दारात थांबायचा.

"काय बाई, आज कुणाचं पोलकं?"

"तुझी बंडी शिवतेय. माप देऊन जा."

"माझ्या मापाला तुमचा कागद पुरायचा न्हाय," असं म्हणून केरबा पोटावर हात फिरवायचा आणि पुढच्या वर्गाकडे जायचा.

ही कापाकापी सुरू झाली १९७७ साली, श्रावणात, आणि ती शालनमुळे.

शालन पिराजी सुतार. वय दहा. दोन घट्ट वेण्या, त्यातली एक दुपारपर्यंत सुटलेली. महापालिकेच्या त्या शाळेत चौथीच्या वर्गात बावन्न मुलं तरटावर ओळीनं बसत. शालन बसली की पाच मिनिटांत तिचा एक पाय तरटाबाहेर यायचा, मग दुसरा यायचा, मग ती गुडघ्यावर उभी राहून खिडकीतून रस्ता बघायची. तिला येत नव्हतं असं मुळीच नाही. तोंडी विचारलं तर उत्तर बाईंच्या प्रश्नाआधी तयार. पण पाटीवर दहा गणितं घातली तर पहिली दोन बरोबर, तिसरं अर्धं, आणि चौथ्याच्या जागी कावळा काढलेला.

"शालन, चौथं गणित कुठं आहे?"

"कावळा आलता बाई. खिडकीत."

"मग?"

"मग त्यो गेला."

सगळा वर्ग हसायचा. शालनही हसायची, कारण कावळा खरंच आला होता आणि खरंच गेला होता. तिच्या लेखी सगळं सरळ सांगून झालेलं असे.

हेडमास्तर गणपतराव वाईट माणूस नव्हते. आवाज मात्र असा, की ते ऑफिसात बोलले तर पहिलीतली पोरं गप्प बसत. ऑगस्टमध्ये त्यांनी चौथीच्या पाट्या तपासल्या आणि बाईंना बोलावून घेतलं.

"पद्मजाबाई, ही सुताराची मुलगी चौथीत काय करतेय?"

"शिकतेय, सर."

"कावळे काढायला शिकतेय. असं करू. सहामाहीला बसू दे तिला. गणित आणि मराठी, दोन्हीत पास झाली तर राहू दे. नाहीतर दिवाळीनंतर तिसरीत बसवू. बापाला तसं कळवलंय मी. तो म्हणतो, मागं ढकलायची असंल तर शाळाच नको, घरी धाकट्याला सांभाळंल."

"सर, दिवाळीला तीन महिने आहेत."

"म्हणून तर आज सांगतोय. छडी हवी असेल तर माझ्या कपाटात आहे."

बाई वर्गात आल्या. त्या दिवशी त्या शालनला ओरडल्या नाहीत. ती खिडकीशी उभी होती आणि बाई तिच्या पाठीकडे नुसत्या बघत राहिल्या. अशीच एक पाठ त्यांना माहीत होती.

ती पाठ वसंताची. वसंत म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. वडील यज्ञेश्वर मास्तर करड्या शिस्तीचे. घरात संध्याकाळी परवचा व्हायचा तेव्हा वसंता कधी खांबाला टेकून असायचा, कधी कडीला लोंबकळत. १९५८ साली पद्मजा एकोणीस वर्षांची होती, अध्यापनाचं शिक्षण घेत होती, आणि नव्यानं शिकलेल्या माणसाला असतो तसा तिला भारी उत्साह होता. वसंताला वार्षिक परीक्षेत पास करायचंच असं तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं. एका दुपारी तिनं त्याला दहा पानं शुद्धलेखन घातलं. तो तीन ओळींत उठला. तिनं बसवला. तो पुन्हा उठला. तेव्हा तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्याचा पाय टेबलाच्या पायाला बांधला. "दहा पानं झाली की सोडीन."

तेवढ्यात वडिलांकडे पाहुणे आले. त्यांनी दार ढकललं, बांधलेला मुलगा पाहिला आणि ते मोठ्यानं हसले. वसंता रडला नाही. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि खाली मान घालून लिहू लागला. दहाही पानं लिहिली. त्या दिवसानंतर तो तिच्यासमोर कधी बसला नाही. दोन वर्षांनी एका लॉरीबरोबर तो गेला.

कुठं लांब गेला असता तर बाईंनी एकवेळ मनाची समजूत घातली असती. तो होता गगनबावड्याला, कोल्हापूरपासून एसटीनं अवघ्या दोन तासांवर. घाटाच्या तोंडाशी त्याची चहाची टपरी होती. बाई एकदा गेल्या होत्या. वसंतानं फडक्यानं बाक पुसून दिला, चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. "बस अक्का," म्हणाला. स्वतः मात्र उभाच राहिला. या गिऱ्हाइकाकडून त्या गिऱ्हाइकाकडे फिरत राहिला, शेवटची गाडी येईपर्यंत. नंतर बाईंनी पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. दर भाऊबीजेला त्या अंगणात येऊन चंद्राला ओवाळायच्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं तसं करायचं असतं. आपल्याला तर आहे, हे दर वर्षी निरांजन हलवताना त्यांच्या मनात यायचं आणि हात थोडा थांबायचा.

म्हणून शालन. दुसऱ्यांदा एक मूल हातातून जाऊ द्यायचं नव्हतं. पण कसं, ते माहीत नव्हतं. न बांधता कसं बसवायचं हे अध्यापनाच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी तिची जागा आधी बदलली. खिडकीपासून आणि दारापासून लांब, पहिल्या ओळीत, भिंतीच्या कडेला, एका शांत मुलीशेजारी. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शालन भिंतीचे पोपडे काढताना सापडली. तेव्हा बाई शाळा सुटल्यावर तशाच उद्यमनगरला गेल्या, तिच्या वडिलांना भेटायला.

पिराजी सुतार एका कारखान्यात टर्नर होता. तेलाच्या इंजिनांचे सुटे भाग लेथवर काढायचा. बाईंना शेडच्या दारात पाहून त्यानं मशीन बंद केलं आणि हात पुसत पुढं आला.

"काय केलं हो बाई पोरीनं?"

"काही नाही केलं."

"त्येच की. काय करतच न्हाय ती. बसा. न्हाय, हितं नको, लुगडं त्यालात भरंल."

"पिराजीराव, तुम्ही किती शिकलात?"

पिराजी हसला. "तिसरी. मास्तर आत आलं की मी खिडकीतनं भाईर. मला बसवतच नव्हतं. पाय वळवळायचं."

"आणि इथं आठ तास?"

"हितं कोण बसतंय? उभा हाय की मी." मग जरा विचार करून तो म्हणाला, "आन हितं कसं हाय, बाई, एकदम सगळं कुणी सांगत न्हाय."

त्यानं एक तेलकट कागद दाखवला. त्यावर एका भागाचं रेखाटन होतं, भोवती तीस-चाळीस आकडे. "ह्यो सगळा कागद बघिटला तर माझं डोसकं फिरंल. मी काय करतो, पैलं लोखंडाचं तोंड साफ करायचं. माप घ्यायचं. बरोबर हाय? मग भाईरचा कट. माप घ्यायचं. मग भोक. एक काम, एक माप. चुकलं तर तितंच कळतंय, शेवटाला न्हाय."

बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. दहा पानं शुद्धलेखन. दहा गणितांची पाटी. सगळं रेखाटन एकदम.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री आणली.

गणितं तीच, पुस्तकातलीच. फक्त एका वेळी तीन. त्यातलं पहिलं मुद्दाम सोपं, म्हणजे हात चालू होतो. तीन झाली की शालननं उठून टेबलाशी यायचं, बाईंनी लगेच तपासायचं, आणि दुसरी पट्टी न्यायची. सूचना एका वेळी एकच द्यायची, आणि काय करायचं ते शालननं आपल्या शब्दांत परत सांगायचं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज सकाळी दिवसाचा क्रम लिहिलेला असे: पाढे, गणित, पाणी, वाचन, लेखन. एकेक झालं की ती ओळ पुसायची. पुसायचं काम शालनचं. त्यामुळे तिला उठायला मिळायचं आणि पुढं काय आहे हेही कळायचं. दोन पट्ट्या झाल्या की सगळ्या बावन्न मुलांनी उभं राहायचं, हात वर ताणायचे, जागेवर वीस उड्या मारायच्या आणि बसायचं. एकट्या शालनला सुट्टी दिली असती तर बाकीच्यांनी तिला चिडवलं असतं, शिवाय बाईंच्या लक्षात आलं, की उड्यांनंतर बाकीचीही जरा नीट बसतात.

गणपतरावांनी एकदा दारातून ते पाहिलं. "हा गणिताचा तास आहे की कवायतीचा?"

"दोन्ही, सर. पण गणितं मोजून बघा."

त्यांनी मोजली. शालनच्या वहीत नऊ होती, त्यातली सात बरोबर. ते "हं" म्हणाले आणि गेले.

घरी काय करायचं हे ठरवायला बाईंनी शालनच्या आईला, बायडाबाईला, शाळेत बोलावलं. घरात घड्याळ नव्हतं. बायडाबाई म्हणाली, "वेळ कशी कळायची? माझ्या घरात देव्हाऱ्याफुडं उदबत्ती तेवढी हाय." बाईंनी ते धरून ठेवलं. तीन संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या घरी उदबत्ती लावून मनगटी घड्याळ पुढं ठेवलं. पूर्ण काडी अर्धा तास जळायची. शालनला पुरेल असा तिचा तिसरा हिस्सा. मग त्यांनी बायडाबाईला दाखवलं. काडीवर तिथं हळदीचं बोट लावायचं. रोज दिवेलागणीला, चुलीपासून लांब, त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून शालननं बसायचं, आईनं जवळ निवडत-टिपत बसायचं. आग हळदीपर्यंत आली की काम बंद. अर्धं राहिलं तरी बंद. मग शालननं गल्लीच्या टोकापर्यंत पळून यायचं, आणि मन असेल तर आणखी एक हिस्सा.

"आन न्हाय बसली तर?"

"तर उद्या."

"मारायचं न्हाय?"

"मारायचं नाही, आणि पळणंही बंद करायचं नाही. पळणं हे बक्षीस नव्हे, बायडाबाई. ते औषधासारखं आहे. रागावलात म्हणून औषध बंद करता का?"

रोज शालनबरोबर एक चिठ्ठी घरी जायची. त्यावर एकच ओळ, आणि जे झालं तेच. 'आज शालननं सहा गणितं पूर्ण केली.' 'आज शालन वाचनाच्या तासाला एकदाच उठली.' पिराजी खाली सही करायचा. दुसऱ्या दिवशी तेलाच्या बोटाचा ठसा असलेली चिठ्ठी परत यायची. बाई त्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवायच्या. कधी कधी डबा उघडून बघायच्या. वसंताच्या नावानं अशी एक ओळ कुणीच कधी लिहिली नव्हती, हे त्यांना त्या वेळी आठवायचं.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सगळं चांगलं चाललं. आणि मग चिठ्ठी परत येईना.

"शालन, चिठ्ठी?"

"हरवली."

दुसऱ्या दिवशी, "पावसात भिजली." तिसऱ्या दिवशी तिला काही सुचेना.

"कुठं आहे चिठ्ठी, शालन?"

"खाल्ली."

वर्ग फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "चटणी लावून खाल्लीस काय गं?" शालन हसली नाही. बाईंनी वर्गाला उड्या मारायला लावल्या आणि तिला टेबलाशी बोलावलं.

"खरंच खाल्लीस?"

शालननं मान हलवली. "चांगली चिठ्ठी व्हती म्हणून."

गणितंही बिघडली होती. पट्टीवरचं पहिलं सोपं गणितसुद्धा चुकत होतं, आणि कावळा परत आला होता.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी. शाळा सुटल्यावर बाई शालनच्या घरी गेल्या. पिराजी दारात खाटेवर बसला होता. बाईंना बघून तो आनंदानं उठला.

"या या बाई! आवो, पोरगी निघाली की तुमची. सहाच्या जागी बारा गणितं करून घेतोय मी. परवा तर सोळा."

"सोळा?"

"व्हय की. तुमची चिठ्ठी आली, आज सहा केली. मी म्हटलं, सहा निघत्यात तर आठ निघतील. आठ निघाली तर धा. कारखान्यात असंच असतंय. नग जास्त निघाया लागलं की ठरलेला आकडा वाढतोय. आता आख्खी उदबत्ती बसवतोय तिला. कालच्याला दोन लावल्या."

"आणि पळणं?"

"गणितं झाल्यावर." त्याचा आवाज जरा खाली आला. "पर ती हुईतच न्हाईत अलीकडं."

बाईंना चिठ्ठी खाण्याचा अर्थ कळला. चांगली चिठ्ठी घरी पोचली की काम वाढत होतं. शालननं तिच्या परीनं अगदी बरोबर हिशेब केला होता. आत भिंतीकडे तोंड करून ती बसली होती. पाठ वाकलेली, अंगठा पट्टीवर.

बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं. पण त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी पिराजीला वसंताची गोष्ट सांगितली. लुगड्याचा काठ, टेबलाचा पाय, दहा पानं, पाहुण्याचं हसणं. एकोणीस वर्षांत त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. बायडाबाई दारात येऊन उभी राहिली, हातात तसाच विळा.

"त्यानं दहाही पानं लिहिली, पिराजीराव. अक्षर चांगलं आलं होतं. मला वाटलं, जमलं. आणि तो गेला माझ्यापासून."

पिराजीनं बोटांवरचा तेलाचा डाग अंगठ्यानं चोळला. मग म्हणाला, "कट लई घेतला की टूल तुटतंय. मला ठावं हाय, बाई. ईस वर्सं झाली, ठावं हाय. तरीबी घेतला."

"मीपण घेतला होता."

"आता काय करू?"

"परत तिसरा हिस्सा. तिथून सुरू. चिठ्ठीवर कितीही असो, घरचं काम तेवढंच. आणि आज काहीच नको. आज नुसतं पळू दे."

पिराजीनं आत हाक मारली. "शाले, ऊठ. जा, गल्लीच्या टोकाला जाऊन ये."

शालननं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "गणितं न्हाय झाली, आण्णा."

"न्हाय झाली तर न्हाय झाली. पळ म्हणतोय की!"

ती जी सुटली ती दारातल्या बाईंच्या चपला उडवून गेली.

सहामाहीच्या आधी मराठीत पत्रलेखन होतं. 'मामास पत्र' दरवर्षी मुलं फळ्यावरून उतरून काढायची. बाईंनी या वर्षी खरी पोस्टकार्डं आणली आणि कामाचे सहा तुकडे केले. सोमवारी फक्त पत्ता. मंगळवारी तारीख आणि मायना. बुधवारी एक बातमी. गुरुवारी एक प्रश्न. शुक्रवारी शेवट, सही आणि शाळेचा पत्ता. शनिवारी पेटीत टाकायचं.

सोमवारीच शालन अडली. "माझं सगळं मामा आमच्याच गल्लीत हाईत, बाई. कार्ड कशाला टाकू? ओरडून सांगीन."

बाईंनी खडू घेतला. मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक पत्ता लिहिला. वसंत यज्ञेश्वर, चहाची टपरी, गगनबावडा.

"हा कोण?"

"माझा भाऊ. तोही लहानपणी एका जागी बसत नसे."

शालनला ते फार आवडलं. रोज ती आपला एक तुकडा लिहायची, आणि लिहून झालं की पाण्याच्या माठापर्यंत पळून यायची. बुधवारची बातमी अशी होती: 'आमच्या वर्गात उड्या मारतात.' गुरुवारचा प्रश्न असा: 'मला बसवत नाही. तुम्हाला बसवतं का?'

बाईंनी तो वाचला. त्यांना तो खोडावासा वाटला, आणि ठेवावासाही वाटला. त्यांनी फक्त पत्त्यावरचं तिरकं अक्षर सरळ करायला सांगितलं, आणि शनिवारी शालननं कार्ड पेटीत टाकलं.

सहामाहीच्या आदल्या दिवशी बाई ऑफिसात गेल्या. "सर, एक विनंती आहे. शालनला पेपर घडी घालून देते. एका वेळी एक प्रश्न दिसेल असा. आणि मधे दोनदा पाणी प्यायला उठू द्यावं."

"सवलत मागताय?"

"प्रश्न तेच, वेळ तोच, तपासणी तुम्ही करा."

गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. "बाकीच्यांनी मागितलं तर?"

"त्यांनाही घडी घालू द्या. कागद आहे, सर. घडी घातल्यानं उत्तर दिसत नाही."

दोन तासांच्या पेपरात शालन दोनदा उठली. बाई वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. तिच्याकडे न बघण्याची त्यांनी शिकस्त केली. शेवटच्या प्रश्नाला शालननं घडी उघडली आणि ती खुदकन हसली. पत्र लिहायचं होतं.

गणितात बेचाळीस आणि मराठीत एकोणपन्नास. काही फार नव्हेत. गणपतरावांनी पेपर दोनदा तपासले आणि बाईंना म्हणाले, "राहू दे चौथीत." जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, "ती कात्री कुठून घेतली?" बाईंना वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांना तिसरीच्या वर्गासाठी खरंच हवी होती.

शालनचं सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा ती पुन्हा भिंतीचे पोपडे काढत होती. क्रम मोडला होता, तो परत लावावा लागला. बाईंनी फळ्याचा कोपरा पुन्हा आखला, पट्ट्यांवर दोनच गणितं ठेवली, आणि बायडाबाईला हळदीचं बोट थोडं अलीकडे लावायला सांगितलं.

त्या दिवाळीतही बाईंनी चंद्राला ओवाळलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी केरबा वर्गाच्या दारात आला. "शालन सुतार कोण हाय? कार्ड आलंय. चौथीच्या पोरांना आता टपालबी यायला लागलं!"

बाईंनी अक्षर लांबूनच ओळखलं. मोठं, वाकडंतिकडं, दर ओळीला खाली उतरत जाणारं. त्यांचा हात आपोआप पुढं झाला. पण कार्डावर नाव शालनचं होतं. केरबानं ते तिच्या हातात दिलं.

शाळा सुटल्यावर शालन कार्ड घेऊन टेबलाशी आली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली.

"चि. शालन हिस आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. मलाही बसवत नाही. म्हणून टपरी टाकली. इथं दिवसभर उभं राहिलं तरी कुणी ओरडत नाही." ती थांबली. "तीन वळी झाल्या, बाई. पाणी पिऊन येते."

आणि ती कार्डासकट पळाली.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. पाच-सहा ओळी अजून बाकी होत्या, त्यांनी पाहिल्या होत्या. त्यात आपलं नाव आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. हाक मारून कार्ड मागून घेता आलं असतं. पण तीन गणितांसारखंच वाचनातही तीन ओळी झाल्या की उठायचं, हे त्यांनीच ठरवून दिलेलं होतं, आणि पळणं बंद करायचं नाही हे शालनच्या घरीही त्यांनीच सांगितलेलं होतं. माठावर भांडं आपटल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पळणारी पावलं.

शालननं परत बोट ठेवलं. "मला हे कार्ड लिहायला पाच दिवस लागले. हात दुखला. तुझ्या बाई तुला बांधून ठेवतात का? खरं काय ते लिही. वसंत." तिनं मान वर केली. "ह्ये काय इचारतंय, बाई? बांधून कशाला ठेवतील?"

बाईंनी पिशवीतून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. "त्यांना कळव."

"काय लिवू?"

"विचारलंय ते. खरं असेल ते."

शालन उभ्यानंच टेबलावर वाकून लिहू लागली. 'बांधत नाहीत. पट्टी देतात. मग पळायला देतात. चिठ्ठी पण देतात. मी एकदा खाल्ली.' खाली सही केली. कार्डावर दोन बोटं जागा उरली.

"तुमी लिवा की, बाई. तुमचा भाऊ हाय न्हवं?"

बाईंनी पेन घेतलं. गेल्या काही वर्षांत त्यांनी लिहिलेली पत्रं चार-चार पानांची होती. सगळं एकदम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता दोन बोटं जागेत काय लिहावं? पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. शालननं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. बाईंचा चेहरा तिला ओळखीचा वाटला असावा. दहा गणितांच्या पाटीपुढं तिचा स्वतःचा व्हायचा तसाच तो होता.

"एकदम समदं नका लिवू," ती समजावून म्हणाली. "आज मायना लिवा. एकच. मग पाणी पिऊन या."

बाईंनी लिहिलं: 'प्रिय वसंता,'. आणि त्यापुढं, थोडी जागा सोडून, 'अक्का'.

मग त्या उठल्या आणि माठाकडे गेल्या. भांडं अजून ओलं होतं. शालन कार्ड घेऊन फाटकातून बाहेर पडली होती, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीकडे पळताना तिची एक वेणी सुटली होती. बाई भांडं हातात धरून बघत राहिल्या. कार्ड पोचायला तीन दिवस लागतील, त्यांनी मनात मोजलं. उत्तर लिहायला त्याला पाच लागतात.